पेगासस ४० चा जोड खरा की फर्स्ट कॉपी? सोल, खोका, इनसोल बघून सांगा

सिंहगडकर
मंडळी, गेल्या आठवड्यात ऑनलाइन एका विक्रेत्याकडून नायकी पेगासस ४० घेतले. पुरुषांचे, काळे-पांढरे, यूके ८. पडले ४,२०० ला, म्हणूनच शंका. परत करायची मुदत रविवारपर्यंत आहे. खोक्याच्या लेबलवर असं छापलंय: `US 9 UK 8 EUR 42 CM 27`, कोड `DV3853-001`. अक्षरं जरा जाड वाटतात, पण संशय आल्यापासून मला सगळंच जाड दिसतंय. सोलचे आणि इनसोलचे फोटो टाकलेत. बघून सांगा.

खडकवासला_एक्सप्रेस
सोपं आहे हो. डाव्या आणि उजव्या बुटाच्या आतल्या लेबलवरचे नंबर सारखे असतील तर डुप्लिकेट. आणि इनसोल उचलल्यावर खाली गोंद दिसला तरी डुप्लिकेट.

कडूकारल्याची_आई
पेगासस गुडघेदुखीला चालतो का? माझ्या मिस्टरांना घ्यायचाय.

तळपाय
ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.

एक्सप्रेस, डावा-उजवा वेगळा नंबर हा नियम आदिदासबद्दल सांगतात. नायकीत दोन्ही पायांवर कोड एकच असतो, त्यामुळे तुमच्या हिशोबाने सगळी दुकानंच डुप्लिकेट ठरतील. गोंदाचंही तसंच. मी नऊ वर्षं बुटांच्या दुकानात रिटर्न तपासले, अस्सल जोडातही इनसोलखाली गोंदाचे डाग दिसतात. तिथे शिलाई बघायची. वरचं कापड आणि तळाचा कापडी थर कडेने एकाच सलग टाक्याने जोडलेला असतो. टाका मध्येच तुटलेला, वाकडातिकडा, किंवा नुसतंच चिकटवलेलं असेल तर वाईट.

सिंहगडकर, अक्षरांचं सोडा, तुमचा फोटो तिरका आहे. तिरक्या फोटोत कुठलाही फॉन्ट जाड-बारीक दिसतो. अक्षरांपेक्षा आकडे वाचा. पुरुषांच्या नायकीत US 9 म्हणजे UK 8, EUR 42.5, CM 27. तुमच्या खोक्यावर 42 आहे. पुरुषांचं 42 म्हणजे UK 7.5, आणि त्याला 26.5 सेंमी लागतात. आता जिभेच्या आतलं लेबल सरळ समोरून, उजेडात काढून टाका.

खडकवासला_एक्सप्रेस
माझ्या बुटांवर UK 8 ला 42 च आहे! तेही खोटे?

तळपाय
ब्रँड कुठला? आदिदासमध्ये UK 8 ला 42 च येतं. एका कंपनीचा तक्ता दुसरीला लावायचा नाही.

आजोबा_चालतात
माझे बूट चार वर्षं खोक्यातच होते. पहिल्याच फेरीत सोल सुटून हातात आलं. घेतले होते मोठ्या शोरूममधून. म्हणजे मला फसवलं ना?

तळपाय
त्यावरून सांगता येणार नाही, काका. न वापरता बंद ठेवले तरी गोंद म्हातारा होतो. खऱ्यांचंही सोल असं सुटतं.

सिंहगडकर
जिभेचा फोटो टाकलाय. आतला कोड `DV3854-001` निघाला! खाली US 9, CM 27.

तळपाय
मिळाला मासा. `DV3853` पुरुषांचा पेगासस ४०, `DV3854` बायकांचा. नुसता कोड जुळला नसता तर मी थांबलो असतो, कारण दुकानात रिटर्नच्या वेळी खोकी बदलली जातात आणि खरा जोड दुसऱ्याच्या खोक्यात जातो. पण इथे आतलं लेबलच स्वतःशी भांडतंय. बायकांच्या मापात US 9 ला 26 सेंमी. 27 सेंमी US 10 ला येतात, आणि त्याच ओळीत EUR 42 असतं. कुणीतरी पुरुषांची ओळ आणि बायकांची ओळ यांची खिचडी केली आहे.

आता उलटही ऐका. सगळे आकडे जुळले म्हणून जोड खरा होत नाही. खऱ्या बुटाचं लेबल जसंच्या तसं छापणं काही अवघड नाही. न जुळणं हा पुरावा असतो, जुळणं नाही.

सोल: खऱ्या बुटावरून साचा काढला की ठोकळ्यांच्या कडा बोथट येतात, अक्षरांची टोकं बुजतात. तुमच्या फोटोत टाचेजवळच्या कडा गोलसर वाटतात, पण फ्लॅशने सावली खाल्ली आहे. बाजूने टॉर्च धरून काढा आणि कंपनीच्या फोटोशेजारी ठेवा. फोटो पेगासस ४० चाच घ्या, ४१ चं सोल वेगळं आहे. इनसोलवरचं नाव अंगठ्याने निघतं की नाही यावरून मी काहीच म्हणणार नाही, माझ्या खऱ्या जोडाचं पावसाळ्यातच पुसलं.

पिंपरीचा_पिंट्या
पण सेवन ए दर्जाच्या कॉप्या तर कंपनीच्याच फॅक्टरीतून येतात म्हणे?

तळपाय
म्हणे.

सिंहगडकर
रिटर्न टाकला. विक्रेत्याला दोन्ही लेबलांचे फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "सर, एक्सपोर्ट पीस आहे, त्यात असं होतं." टॉर्च लावून सोलचा फोटो रात्री टाकतो.