अनुभव धागा: आपल्या महत्त्वाच्या दिवशी मित्र किंवा मैत्रीण आली नाही, तेव्हा त्यांना काय सांगितलं?

तिनं यायला हवं होतं की नव्हतं, हा वाद इथं नको. वाईट वाटलं, हे तुम्ही तिला कसं सांगितलं, नेमक्या कोणत्या शब्दांत, आणि पुढं काय झालं, तेवढं लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात माझ्या जलरंगांचं पहिलं प्रदर्शन होतं. माझी शाळेपासूनची मैत्रीण उद्घाटनाला आली नाही, नंतरही फिरकली नाही. चित्रांना फ्रेम करायला टाकताना हीच माझ्यासोबत होती, पांढरं माउंट की फिकट पिवळं यावर आम्ही दुकानात भांडलोही होतो. त्यामुळं तिचं न येणं जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, "सॉरी गं, जमलं नाही." मी "असू दे गं, काही नाही" असं टाइप केलं आणि पुसलं. कारण ते खोटं होतं. एकदा "काही नाही" म्हटलं की पुढं महिनाभरानं तोच विषय काढायला तोंड राहत नाही. "प्रदर्शन उतरलं की फोन करते" एवढंच कळवलं.

चित्रं उतरवून घरी आणल्यावर फोन केला. आधी विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?" हे बोलायची सुरुवात म्हणून नव्हतं. कुणी दवाखान्यात असतं तर मी माझं बोलणं तिथंच थांबवणार होते. तसं काही नव्हतं. घरी पाहुणे आले, मग कंटाळा केला, असं तिनं सरळ सांगितलं. मग मी म्हटलं, "तू आली नाहीस याचं मला वाईट वाटलं. रंकाळ्याचं ते संध्याकाळचं चित्र तुझ्या शेजारी बसून काढलेलं. ते भिंतीवर लागलेलं तू बघावंस, असं फार मनात होतं." आणि गप्प बसले.

तिच्या मुलाच्या बारशाला मी रजा टाकून गेले होते, हे जिभेवर आलं होतं. खरंही होतं. पण ते बोलले असते तर तिला फक्त हिशेब ऐकू आला असता. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं मनात असेल असं वाटलं नव्हतं मला." पुढच्या रविवारी घरी येऊन तिनं सगळी चित्रं पाहिली. त्यानं भिंतीवरच्या दिवसाची भरपाई झाली नाही, आणि तसं मी तिला म्हटलंही नाही.

उद्यमनगरकर
एवढं थांबायचं कशाला? मी आपलं तिथल्या तिथं बोलतो. नवीन लेथ मशीन बसवलं, पूजा ठेवली, जोडीदार आलाच नाही. संध्याकाळी मिसळीच्या टेबलावर चौघांसमोर म्हटलं, "मर्दा, तू नव्हतास, लई चुकल्यासारखं वाटलं." पोटात ठेवून आंबवण्यापेक्षा हे बरं. तो लाजला, खरं दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन वर्कशॉपवर आला.

पन्हाळावाट
दादा, सरळ बोललात आणि शब्दही चांगले होते. चौघांसमोर बोलणं मात्र मला पटत नाही. चारचौघांत माणूस उत्तर देत नाही, सुटका करून घेतो. तो पेढे घेऊन आला तो तुमच्यासाठी की त्या तिघांनी पाहिलं म्हणून, हे तुम्हाला कसं कळणार?

उद्यमनगरकर
ते विचारात घेण्यासारखं आहे. तरी आमच्यात चालतं तसं.

शाहूपुरीची सून
माझ्या नणंदेनं आमच्या वास्तुशांतीला तोंडसुद्धा दाखवलं नाही. वर सासूबाईंना सांगितलं की मी नीट बोलावलं नाही. अक्षता घेऊन स्वतः गेले होते मी! आता तिच्या मुलीच्या लग्नाला जावं का?

धागाकर्ती
ताई, तुमचं दुखणं वेगळं आहे. तिथं आधी बोलावण्याचाच वाद मिटवावा लागेल, तोही सासूबाईंना मध्ये न घेता. मैत्रिणीला सांगताना मी जे म्हटलं ते तिथं कितपत लागू पडेल, माहीत नाही.

समुपदेशक, राजारामपुरी
कामानिमित्त हे रोज ऐकते. थॉमस गॉर्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 'तू' ऐवजी 'मी' पासून बोलायची रीत मांडली. ती आता सगळ्यांना पाठ आहे, पण अर्धीच. "मला वाटतं तुला माझी किंमत नाही" हे वाक्यही 'मला'नंच सुरू होतं आणि तरी तो आरोपच आहे. 'वाटतं'च्या पुढं भावना यायला हवी: वाईट, एकटं, हिरमुसल्यासारखं. समोरच्याच्या मनाबद्दलचा निकाल आला की फसलं.

धागाकर्तीनं केलेली एक गोष्ट सहज सुटून जाईल म्हणून सांगते. तिनं एक ठरावीक गोष्ट सांगितली, त्या रंकाळ्याच्या चित्राची. "तू नेहमी असंच करतेस" याला समोरची व्यक्ती फक्त विरोध करू शकते, ते चित्र मात्र तिच्या डोळ्यांपुढं उभं राहतं. आणि नंतर धागाकर्ती गप्प बसली. बहुतेक जण त्या शांततेला घाबरून "सगळे तुलाच विचारत होते" किंवा "जाऊ दे, माझंच चुकलं, एवढी अपेक्षा ठेवली" असं काहीतरी घालतात. पहिल्यानं गर्दी तिच्या अंगावर येते. दुसऱ्यानं तिला उलट तुमचीच समजूत काढत बसावं लागतं.

मी एक प्रश्न स्वतःला विचारायला सांगते: ती नुसतं "बरं, कळलं" म्हणाली तर चालेल का? माफीच हवी असेल तर अजून फोन करू नका.

गडहिंग्लजहून
मी न जाणारी बाजू. मैत्रिणीच्या साखरपुड्याला मी गेले नाही, कारण त्या महिन्यात पगारच झाला नव्हता. रिकाम्या हातानं कसं जायचं, आणि हे सांगायचं तरी कसं? दुसऱ्या दिवशी तिच्या स्टेटसला, "वेळेला कोण येतं ते कळलं." नाव नव्हतं, पण आमच्या सगळ्या मैत्रिणींना समजलं. मी स्टेटस पाहिल्याचं तिलाही दिसलं असणार. दोघीही काही बोललो नाही.

दुसरी एक मैत्रीण मात्र तिच्या पार्लरच्या उद्घाटनानंतर घरी आली. "तुझी वाट बघितली गं, वाईट वाटलं. कारण सांगितलंच पाहिजे असं नाही," म्हणाली. त्या शेवटच्या वाक्यामुळं मी कारण सांगू शकले. आहेर नको, तू हवी होतीस, असं ती म्हणाली आणि आम्ही दोघी रडलो. पहिलीला मी आजही खरं कारण सांगितलेलं नाही.

कळंबा रोड
सगळं नीट लिहून पाठवलं मी. आरोप नाही, टोमणा नाही. दोन निळ्या टिक आल्या, उत्तर नाही. आता महिना होत आला. परत विचारू का?

समुपदेशक, राजारामपुरी
एकदा विचारा, पण फोन करून. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो, तिनं ते रागानं वाचलं असेल. "माझा मेसेज जड गेला का तुला?" एवढंच.

पन्हाळावाट
मी नाही विचारणार. सांगायचं ते सांगून झालं. पुन्हा विचारलं की उत्तर मागितल्यासारखं होतं, आणि मग हळूहळू तेच ओझं तिच्यावर जातं जे टाळायचं होतं.

कळंबा रोड
दोघांचंही पटतंय, हीच पंचाईत आहे. पुढच्या आठवड्यात तिचा वाढदिवस येतोय. शुभेच्छांचा फोन तर करणारच. त्यात तो विषय काढणार नाही. तिनं काढला तर बोलेन.