32 घ्यायचे की एस राखायचा?

लातूरचा_होस्टेलकर
अंबाजोगाईच्या आतेभावासोबत रोज रात्री मोबाईलवर इंग्रजी स्क्रॅबल चालतं. काल पहिली खेळी माझी होती. रॅकवर A E N R S V W आले. मी WAVERS लावून 32 घेतले, हातात फक्त एन उरला. भाऊ म्हणतो एस वाया घालवला, WAVER लावून 30 वर थांबायचं होतं. माझं मत सरळ आहे: डाव गुणांवर जिंकतात, हातात काय उरलं त्यावर नाही. तुम्हाला काय वाटतं?

उदगीरकर
लेका, 32 भेटायलेत तर घे की! हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? उद्या भाव येईल म्हणून सोयाबीन घरात भरून ठेवणाऱ्यांचं काय होतं ते आपण दरसाल बघतो. आमच्या घरी चौघं बसतो. माझी पाळी परत येईस्तोवर तिघं पटाची पार वाट लावतात. जपून ठेवलेल्या अक्षराला तोवर जागाच राहत नाही.

गोदाकाठ_नांदेड
चौघांचा हिशोब वेगळा, त्यावर नंतर येते. हा डाव दोघांचा आहे, म्हणून आधी याच रॅकचं बघू.

WAVER आणि WAVERS दोन्ही डावीकडे सरकवून लावता येतात. तसं केलं की डब्ल्यू दुप्पट अक्षराच्या घरात बसतो आणि शब्द मधल्या चांदणीवरूनही जातो. म्हणून WAVER चे 30 आणि WAVERS चे 32. म्हणजे एस टाकून तुला मिळाले ते फक्त 2 गुण. शंभर टाइल्समध्ये एस चारच असतात. खेळ बनवणाऱ्या आल्फ्रेड बट्सने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून टाइल्सची संख्या ठरवली, पण एस मुद्दाम कमी ठेवले. नाहीतर जो तो अनेकवचनं करत बसला असता. जाणकार खेळाडू हातातल्या एका एसची किंमत साधारण 8 गुण धरतात आणि कोऱ्या टाइलची 25 च्या आसपास. 8 ची वस्तू 2 ला विकलीस.

आणि हे 8 हवेतले नाहीत. WAVER पटावर असेल तर पुढच्या पाळीत उभा शब्द लावताना त्यातला एस आर च्या शेजारी बसवायचा. उभ्या शब्दाचे गुण मिळतातच, वर आडव्या WAVERS चे 12 वेगळे. तू 2 घेऊन ती वाट स्वतःच बुजवलीस.

बीडचे_मास्तर
ताईंचं बरोबर आहे, पण त्या मधेच थांबल्या. हातात उरणारी अक्षरं, म्हणजे लीव्हच सांभाळायची तर पूर्ण सांभाळा. WAVE लावा, हातात N R S ठेवा. तीन चांगली व्यंजनं हातात असली की पुढच्या पाळीत सातही अक्षरं लागण्याची शक्यता वाढते आणि बिंगोचे 50 वरून. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, रॅकवर स्वर दोनच असावेत, बाकी व्यंजनं. स्वर आपोआप येत राहतात.

गोदाकाठ_नांदेड
सर, इथे नाही पटत. WAVE चार अक्षरांचा आहे. त्याला चांदणी गाठायची तर दुप्पट अक्षराच्या घरापर्यंत पोचता येत नाही, म्हणून गुण 20 वरच अडकतात. WAVER पेक्षा 10 कमी. त्या दहाच्या बदल्यात हातात काय जास्त आलं? एक आर. एन आणि एस आधीच हातात असताना आर ने फार तर एक-दोन गुणांची भर पडते. एससाठी 2 सोडणं शहाणपण, आरसाठी 10 सोडणं हौस. लीव्हचं वेड लागलं की नवीन खेळाडू नेमके इथे मार खातात. प्रत्येक पाळीत सहा-सात गुण सोडत जातात आणि बिंगो काही येत नाही.

आता उलटं टोक. याच रॅकवरून ANSWER हा ओळखीचा शब्दही लागतो. सहा टाइल्स गेल्या की मन भरतं. गुण मात्र 20, आणि हातात एकटा व्ही. व्हीचा दोन अक्षरी शब्द कुठल्याही मान्य यादीत नाही, त्यामुळे दाटलेल्या पटावर तो कडेला कुठे सरकवता येत नाही. दिसायला छान शब्द, पण या रॅकवरची ही सगळ्यात वाईट खेळी.

दोन स्वरांच्या नियमावर संध्याकाळी लिहिते, आता शाळेची बस आली.

जालन्याची_बाई
स्वर-व्यंजनांचं चाललंय म्हणून विचारते. मी चौथीच्या मुलांसाठी पुठ्ठ्याच्या मराठी टाइल्स केल्या आहेत. क, म, र, ल जास्त ठेवले, ळ आणि ण कमी. पण काना, मात्रा, वेलांटी वेगळ्या टाइलवर दिल्या की पोरांच्या हातात नुसत्या वेलांट्या साचतात आणि कोणाचाच शब्द होत नाही. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. तुमचा दोन स्वरांचा नियम इथे लागू होईल का?

बीडचे_मास्तर
बाई, तुमच्याकडे वेलांटी एकटी उभीच राहू शकत नाही, तिला व्यंजन लागतंच. आमच्या इंग्रजीत नुसत्या स्वरांचेसुद्धा AA, AE, AI, OE असे शब्द चालतात, म्हणून साचलेले स्वर काढता येतात. तुम्ही मात्रांसाठी वेगळा डबाच ठेवा. ज्याला जी हवी ती त्याने उचलावी, रॅकवर फक्त अक्षरं.

जालन्याची_बाई
असं केलं की खेळ फार सोपा होतो हो. बघते करून.

परभणी_एक्स्प्रेस
मुद्द्याचं कोणीच बोलेना. एसचे 8 आणि कोऱ्या टाइलचे 25 हे भाव कोणासाठी काढलेत? ज्यांना हजारो शब्द पाठ आहेत त्यांच्यासाठी. हातात A E I N R T जमवून बसलो आणि सातवं अक्षर आल्यावर शब्दच सुचला नाही, तर त्या सुंदर लीव्हला काय चाटायचंय? आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी माध्यमातून आलेलो. आमचा बिंगो महिन्यातून एखादा लागतो. मग गुण सोडून लीव्ह राखण्यात आमचा तोटाच आहे.

गोदाकाठ_नांदेड
या प्रश्नात दम आहे. लीव्हची किंमत खेळणाऱ्याच्या शब्दसंग्रहावर ठरते हे मान्यच. पण तुम्ही जी सहा अक्षरं लिहिलीत त्यांच्यात सी घाला: CERTAIN. पी घाला: PAINTER. डी घाला: TRAINED. जी घातला तर GRANITE, अजून एक ई आला तर TRAINEE. यातला कोणता शब्द दहावीपर्यंतच्या पुस्तकात भेटला नाही? शब्द माहीत असतात, रॅकवर विस्कटलेले ओळखू येत नाहीत. टाइल्स हलवून बघायची सवय नसते. ING, ER, ED असे शेवट रॅकच्या उजव्या टोकाला वेगळे काढून ठेवले की उरलेली चार-पाच अक्षरं वाचायला सोपी जातात.

आता दोन स्वरांचा नियम. शंभरात 42 स्वर आहेत, म्हणून सुरुवातीला पाच टाइल्स उचलल्या की सरासरी दोन स्वर येतात. हातात थोडी जास्त व्यंजनं ठेवायची ती यासाठी. इथवर सरांचं बरोबर आहे. पण हे प्रमाण डाव पुढे जाईल तसं बदलतं. समजा पिशवीत 14 उरल्या आणि समोरच्याकडे 7. म्हणजे न दिसलेल्या टाइल्स 21. पट आणि आपला रॅक मोजल्यावर कळलं की 36 स्वर येऊन गेलेत. मग त्या 21 मध्ये स्वर फक्त 6. आता पाच उचलल्या तर एखाद-दुसराच स्वर येईल. अशा वेळी R S T हातात ठेवून बसलात की सगळा रॅक व्यंजनांचा होऊन शब्द अडतो. तिथे दोन स्वर राखणाराच पुढे खेळू शकतो. तेव्हा नियम पाठ करण्यापेक्षा निम्मा डाव झाला की स्वर मोजायला लागा.

उदगीरकर
ताई, चौघांच्या खेळाचं राहिलं.

गोदाकाठ_नांदेड
हो. दोघं असले तर माणशी साधारण 50 टाइल्स येतात, चौघांत 25. पाळ्या निम्म्या होतात आणि राखलेलं वापरायला वेळ कमी मिळतो. म्हणून तुमच्या घरी लीव्हचा भाव उतरतो, हे मान्य. तरी 2 गुणांसाठी एस मी तिथेही टाकणार नाही.

उदगीरकर
मी टाकतो. माझ्या एससाठी ठेवलेली जागा आमची वहिनी कधीच सोडत नाही.

लातूरचा_होस्टेलकर
मीही तेच म्हणतोय. WAVER लावून एसची जागा उघडी ठेवली तर ती फक्त माझ्यासाठी थोडीच उघडी राहते? भावाकडे एस असला तर ते 12 त्याचेच. WAVERS लावलं की तो धोकाच नाही.

गोदाकाठ_नांदेड
धोका किती तेही बघ. एक एस तुझ्या हातात, म्हणजे बाहेर तीन. न दिसलेल्या 93 टाइल्सपैकी त्याच्याकडे 7. त्यात निदान एक एस असण्याची शक्यता पाचात एकदा इतकीच. कोरी टाइल आणि वाय धरले, कारण WAVERY पण चालतो, तर ती जवळपास दुप्पट होते. पण तुझ्याकडे एस नक्की आहे. उघड्या जागेचा फायदा ज्याच्या हातात अक्षर आहे त्याला जास्त.

परभणी_एक्स्प्रेस
पण पहिली पाळी येते त्याची, ह्याची नाही. पाचात एकदा म्हणजे काही थोडं नाही. मला अजूनही 30 आणि 32 मध्ये जीव जाण्यासारखं काही दिसत नाही.

लातूरचा_होस्टेलकर
बरं, हे राहू द्या. आज डाव चालू आहे आणि माझ्याकडे A I I O U U T असे आलेत. मी 19 ने मागे आहे. पाळी सोडून सगळे बदलून घेऊ का?

गोदाकाठ_नांदेड
पिशवीत किती उरल्यात?

लातूरचा_होस्टेलकर
6.

गोदाकाठ_नांदेड
मग प्रश्नच मिटला. बदलायला पिशवीत निदान 7 लागतात. आता निदान एक आय आणि एक यू घालवता येतील अशी जागा शोध. पाच गुण मिळाले तरी चालतील, टी मात्र हातात ठेव.

उदगीरकर
ऐकू नको रे पोरा! 19 ने मागं हायस आणि पाच गुण काय घेतोस? टी लावून जेवढे भेटतील तेवढे घे.

बीडचे_मास्तर
टी लावला तर पुढच्या पाळीला काय लावणार, सहा स्वर?

उदगीरकर
सहा कसे, टीसोबत दोन-तीन स्वर जातीलच की. आधी जागा कुठं आहे ते तर विचारा त्याला.