मदत हवी आहे : ई-वे बिलातील रक्कम इन्व्हॉइसपेक्षा कमी भरली गेली

इचलकरंजीचा कापडवाला : काल सायंकाळी सात वाजता हुबळीच्या व्यापाऱ्याकडे कापड रवाना केले. कापडाचे ९२,००० रुपये आणि ५ टक्के आयजीएसटी धरून दुकानातील मुलाने ९६,६०० रुपयांचे ई-वे बिल काढले. त्यानंतर इन्व्हॉइसमध्ये मी भाड्याचे २,५०० रुपये धरले आणि रक्कम ९९,२२५ झाली. मालासोबत हेच इन्व्हॉइस गेले आहे. २,६२५ रुपयांच्या फरकाने गाडी अडू शकते का? आता सकाळचे अकरा वाजले आहेत.

नाशिककर : काळजी नसावी. राज्यातल्या राज्यात एक लाखापर्यंत ई-वे बिलाची गरजच नसते. मी पुण्याला असाच माल पाठवतो.

इचलकरंजीचा कापडवाला : माल कर्नाटकात जात आहे, त्यामुळे मर्यादा पन्नास हजारांची आहे.

हिशेबनीस : भाडे ई-वे बिलात धरत नाहीत, त्यामुळे ९६,६०० हीच रक्कम योग्य आहे.

करसल्लागार, सांगली : हिशेबनीसांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. भाडे 'टू पे' असते आणि घेणाऱ्याने ते थेट ट्रान्सपोर्टवाल्याला दिले असते, तर ते आपल्या इन्व्हॉइसमध्ये आलेच नसते. इथे ते आपण वसूल करत आहात, म्हणून ते मालाच्या मूल्यात मिळते आणि त्यावरही ५ टक्के कर लागतो: ९४,५०० अधिक ४,७२५, म्हणजे ९९,२२५. ई-वे बिलात करासह हीच रक्कम हवी. एकदा काढलेल्या बिलातील रक्कम बदलता येत नाही, बदलतो तो फक्त गाडीचा तपशील. मात्र २४ तासांच्या आत बिल रद्द करता येते, वाटेत अधिकाऱ्याने ते तपासलेले नसेल तर. त्यामुळे आधी चालकाला फोन करून माल अजून वाटेत आहे ना आणि तपासणी झाली का, ते विचारा व गाडी थांबवायला सांगा. एकाच इन्व्हॉइसवर दुसरे ई-वे बिल निघत नाही, म्हणून जुने रद्द करून लगेच नवे काढा आणि नवा क्रमांक चालकाकडे पोहोचल्यावरच गाडी हलू द्या.

हिशेबनीस : 'टू पे'चा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. पण किरकोळ चुकीला हजार रुपयेच दंड आहे ना?

करसल्लागार, सांगली : सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकातील ती सवलत नावातील अक्षर, पिनकोड, गाडी क्रमांकाचा एखादा आकडा अशा चुकांसाठी आहे, रकमेतील फरक त्या यादीत नाही. कर भरण्याचा हेतू इन्व्हॉइसवरून स्पष्ट दिसतो, असे आपण म्हणू शकता, पण समोरचा अधिकारी ते मानेलच असे मी सांगणार नाही. कलम १२९ लागले, तर दंड कराच्या दुप्पट असतो.

इचलकरंजीचा कापडवाला : चालक धारवाडच्या अलीकडे चहाला थांबला होता, तपासणी झालेली नाही. जुने बिल रद्द करून ९९,२२५ चे नवे काढले आणि क्रमांक पाठवला. बिल्टीवर मात्र ९२,००० लिहिलेले आहेत, तेही बदलून घ्यावे लागेल का?