‘फी सवलत’ की ‘हप्ते’? एका अर्जातले शब्द

कात्रजकर :
आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील टेम्पो चालवतात. जूनमध्ये त्यांचा हात मोडला, तेव्हापासून गाडी दारात उभी. वर्षाची फी ३८,५०० रुपये, त्यातले ८,५०० प्रवेशाच्या वेळी भरलेत. उरलेल्या ३०,००० साठी त्याने अर्ज लिहिला, तो असा :

‘विषय : फीमध्ये सवलत मिळणेबाबत.
महोदय, माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून मी एकरकमी फी भरू शकत नाही. तरी मला टप्प्याटप्प्याने फी भरण्याची सवलत द्यावी, उपकार होतील.’

अकाउंट्सच्या खिडकीवरच्या बाईंनी त्याला शिष्यवृत्तीच्या टेबलाकडे पाठवलं. तिथे ‘महाडीबीटीवर फॉर्म भरलास का?’ एवढं विचारलं आणि बोळवण केली. नेमका कुठला शब्द नडला?

निवृत्त लेखनिक :
‘सवलत’. ऑफिसात सवलत म्हणजे रक्कम कमी होणं. विषयाची ओळ वाचूनच कागद कुठल्या टेबलावर टाकायचा ते ठरतं, खालचा मजकूर कोण बघतो? या मुलाला तर एक रुपयाही कमी करून नकोय. ‘उर्वरित शुल्क तीन हप्त्यांत भरण्यास परवानगी’ असं लिहू दे.

पेठेतला :
‘हप्ता’ काय लिहिताय! तो गल्लीतले दादा गोळा करतात. शिवाय मूळ फारसीत हप्ता म्हणजे आठवडा. ‘किस्त’ लिहा, पेशवाईतला शब्द आहे.

निवृत्त लेखनिक :
आठवड्याचं बरोबर आहे. पण घराच्या कर्जाचाही हप्ताच असतो, तिथे कोणी दचकत नाही. ‘किस्त’ वसुलीच्या जुन्या कागदांत शोभते, आज लिहिलीत तर हिंदी वाटेल.

बिबवेवाडीची आई :
माझ्या मुलीच्या वेळी आम्ही ‘मुदतवाढ’ मागितली होती. लगेच मिळाली! महिन्याने मात्र सगळे पैसे एकदम मागितले, वर उशिराचा दंड. ऑफिसवाले असेच असतात.

निवृत्त लेखनिक :
ताई, त्यांनी तुम्ही मागितलं तेच दिलं. मुदतवाढीत तारीख पुढे जाते, रक्कम अखंडच राहते. ‘टप्प्याटप्प्याने’ची अडचण वेगळी. किती टप्पे, केव्हा, काहीच कळत नाही. हप्ता म्हटलं की आकडा आणि तारीख आलीच.

भाषाप्रेमी :
‘हलाखी’ फार रडकं वाटतं. ‘घरची परिस्थिती बेताची आहे’ असं स्वाभिमानाने लिहावं.

निवृत्त लेखनिक :
शब्द चांगला, पण इथे उलटा पडेल. बेताची परिस्थिती बारमाही असते. मग वाचणारा म्हणेल, आज नाहीत तर ऑक्टोबरात कुठून आणणार? हलाखीचंही तेच, त्यावर फार तर माफी मागता येते. इथली अडचण तात्पुरती आहे, म्हणून तर हप्ते जमतील. विशेषण काढा आणि हात मोडल्याचं लिहा.

कात्रजकर :
प्लास्टर निघालंय, पंधरा ऑगस्टनंतर गाडी सुरू होईल. पण ऑगस्टमध्ये ५,००० च्या वर जमणार नाहीत. हप्ते सारखेच असावे लागतात का?

निवृत्त लेखनिक :
शब्दात तसं काही नाही. कॉलेजचा स्वतःचा नियम असेल तर गोष्ट वेगळी, आधी विचारा. शेवटची तारीख मात्र परीक्षा अर्जाच्या आधीची घ्या, कारण बाकी दिसली की तो अर्ज अडवून ठेवतात. मी असा लिहीन :

‘विषय : उर्वरित शुल्क रु. ३०,००० तीन हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळणेबाबत.
महोदय, मी द्वितीय वर्ष बी.एस्सी.चा विद्यार्थी आहे. माझे वार्षिक शुल्क रु. ३८,५०० असून त्यापैकी रु. ८,५०० प्रवेशाच्या वेळी भरले आहेत. माझे वडील टेम्पोचालक आहेत. जूनमध्ये अपघातात त्यांचा हात मोडल्याने दोन महिने उत्पन्न बंद आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धात ते पुन्हा कामाला लागतील. तरी उर्वरित रक्कम १० ऑगस्टला रु. ५,०००, १० सप्टेंबरला रु. १०,००० आणि १० ऑक्टोबरला रु. १५,००० अशी भरण्यास परवानगी द्यावी, ही विनंती. डॉक्टरांचे प्रमाणपत्र व भरलेल्या शुल्काची पावती सोबत जोडली आहे.’

‘उपकार होतील’ गाळलंय. भरणारच आहे तो.

भाषाप्रेमी :
बाकी पटलं. पण ‘मिळणेबाबत’ अशुद्ध आहे. सामान्यरूप होऊन ‘मिळण्याबाबत’ हवं.

निवृत्त लेखनिक :
व्याकरण तुमच्या बाजूने आहे. पण आमच्या फायलींत तीस वर्षं ‘मिळणेबाबत’च पाहिलं, आणि त्यावरून एकही कागद परत गेला नाही.

भाषाप्रेमी :
परत गेला नाही म्हणून ते शुद्ध होतं का?

पेठेतला :
‘किस्त’ वाईट नव्हती पण.

कात्रजकर :
पोराने ‘मिळण्याबाबत’ लिहिलंय, त्याच्या आजी मराठीच्या बाई होत्या. ‘टेम्पोचालक’ खोडून ‘व्यवसायाने चालक’ केलं होतं, ते मी परत टेम्पोवर आणलं. उद्या साडेदहाला दोन प्रती घेऊन जातोय, एकीवर पोच घेईन.