‘सोफ एरर द मा पार’ : नक्की कोणाची चूक?

केळफूल

मी पुण्यात एका फ्रेंच कंपनीच्या हिशेब विभागात आहे. फ्रेंच बी-वनपर्यंत झालंय, त्यामुळे ल्योंच्या लोकांचे मेल माझ्याच गळ्यात पडतात. गेल्या महिन्यात तिकडच्या एका बाईंचा मेल आला : ‘सोफ एरर द मा पार, मार्चचं बिल अजून चुकतं झालेलं दिसत नाही.’ शब्दशः अर्थ लावला तर ‘माझ्याकडून चूक झाली नसेल तर’. मला वाटलं, बाईंना स्वतःलाच खात्री नाही. पैसे आम्ही १२ एप्रिललाच पाठवले होते. म्हणजे चूक त्यांची. म्हणून मी त्यांचाच वाक्प्रयोग उचलला, फक्त ‘मा’च्या जागी ‘व्होत्र’ घातलं : ‘सोफ एरर द व्होत्र पार, १२ एप्रिलला रक्कम भरली आहे.’ मला आपलं वाटलं, छान नम्र झालंय.

उलट एका ओळीचं उत्तर आलं, आणि सीसीत त्यांचे साहेब!

चुकलं काय ते सांगा. शिवाय ‘इल म साँब्ल’ आणि ‘आ प्रिओरी’ हेही रोज दिसतात. तिघांना शंकेच्या चढत्या क्रमाने लावता येईल का? वहीत लिहून ठेवीन म्हणते.

शंकासूर

तिन्हींचा अर्थ ‘मला वाटतं’. फ्रेंच लोक वाक्यात मीठ घालावं तसं हे घालतात, फार विचार करू नका. क्रमच हवा असेल तर आ प्रिओरी सगळ्यात पक्कं. कांट वाचलाय ना? प्रागनुभविक ज्ञान, म्हणजे अनुभवाची गरजच नाही, आधीच सिद्ध. त्यामुळे कोणी ‘आ प्रिओरी हो’ म्हणालं की शंभर टक्के हो.

आडवाट

शंकासूर, तुमचा कांट घेऊन एकदा पॅरिसला या, आमच्या नळवाल्याशी गाठ घालून देते. ‘आ प्रिओरी गुरुवारी येतो’ म्हणाला होता. मी रजा टाकली. गुरुवारी कोणी आलं नाही. शुक्रवारी मी फोनवर तणतणले, तर तो खरंच गोंधळला. म्हणाला, मी तर आ प्रिओरी म्हणालो होतो!

बोलण्यातल्या आ प्रिओरीत तत्त्वज्ञान नावालाही नाही. ‘अजून तपासलेलं नाही, पण आत्ता तरी आड येणारं काही दिसत नाही’ एवढंच. आपलं ‘सध्या तरी हो’. ‘उद्या जेवायला येणार?’ ‘आ प्रिओरी हो.’ म्हणजे भात टाका, पण वाट बघून पंगत खोळंबवू नका.

लिंबलोण

(फ्रेंच शिकवण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे जरा लांबण लागेल.)

आडवाट यांचं बरोबर आहे. शंकासूर यांचा घोटाळा समजण्यासारखा आहे, कारण ‘जे आधीचं त्यावरून’ हा मूळ लॅटिन अर्थ दोन्हीकडे आहेच. तत्त्वज्ञ म्हणतो, अनुभवाच्या आधीच सिद्ध, म्हणून पक्कं. नळवाला म्हणतो, अजून अनुभव घ्यायचाय, म्हणून कच्चं. तोच शब्द नाम म्हणून आला की ‘पूर्वग्रह’. ‘त्याच्या मनात आ प्रिओरी आहेत’ हे काही कौतुक नव्हे.

आता केळफूल यांच्या ‘व्होत्र’बद्दल. ‘सोफ’ म्हणजे ‘वगळून’, पण त्याचं मूळ लॅटिन ‘साल्वुस’, म्हणजे सुरक्षित, धडधाकट. ‘सँ ए सोफ’ म्हणजे सुखरूप. जुन्या वळणाचा माणूस काही अप्रिय बोलण्याआधी ‘सोफ व्होत्र रेस्पे’ म्हणतो, तुमचा मान अबाधित ठेवून बोलतो, असं. तेव्हा सोफ एरर द मा पार म्हणजे ‘माझ्या हातून घडलेली चूक तेवढी बाजूला ठेवून’ मी हे विधान करतो. विधान माझं. ते कोसळलंच तर माझ्या चुकीने कोसळेल, म्हणून तीच चूक बाजूला ठेवायची. ‘पैसे १२ तारखेला भरले’ हे विधान तुमचं होतं, केळफूल. ते ल्योंच्या बाईंच्या चुकीने कसं कोसळणार? वाक्याला तर्कच उरला नाही. आणि तर्क नाही म्हटल्यावर वाचणारा दुसरा अर्थ शोधतो : ‘बाई, तुम्ही घोळ घातला नसेल तर…’ तो टोमणाच झाला.

दुसरं असं, की बाईंना मुळीच शंका नव्हती. हे वाक्य तगाद्याच्या पत्राचं आहे. छापील पत्रात ‘सोफ एरर ऊ ओमिस्याँ द नोत्र पार’ असतं, म्हणजे आमच्याकडून चूक किंवा काही राहून जाणं वगळता. खतावणी दोनदा पाहिल्याशिवाय असं कोणी लिहीत नाही. खात्री पूर्ण असते, फक्त समोरच्याला ‘अहो, कालच पाठवले, तुमच्याकडे पोचले नसतील’ म्हणायला एक दार उघडं ठेवलेलं असतं. म्हणून शंकेचा क्रम लावलात तर उलटा निघेल. सगळ्यात जास्त शंका दाखवणारं वाक्य सगळ्यात खात्रीने लिहिलेलं असतं.

जुनीवही

वाचून मजा वाटली. आमचं सांगलीला भुसाराचं दुकान होतं. वडील प्रत्येक उताऱ्याच्या तळाशी ‘चूकभूल देणे घेणे’ लिहायचे. इथे मंडळी उठसूट चूभूद्याघ्या लिहितात, ती हीच. पण आता तिचा अर्थ ‘चुकलो तर माफ करा’ असा झालाय. वडिलांच्या लेखी माफीबिफी काही नव्हती. हिशेबात फरक निघाला तर आमच्याकडे जास्त आलेलं आम्ही देऊ, कमी आलेलं आम्ही घेऊ, असा तो सरळ पैशाचा करार होता. द्यावी आणि घ्यावी, दोन्ही.

एकदा एका गिऱ्हाइकाने ‘तुम्हीच लिहिलंय चूकभूल, मग माझी दहा रुपयांची भूल सोडा’ म्हणून वाद घातला होता. वडिलांनी सोडले नाहीत.

आडवाट

म्हणजे दोन्हीकडे जन्म वहीतच झाला. फरक जागेचा. चूभूद्याघ्या शेवटी येते आणि वरच्या सगळ्या मजकुरावर पांघरूण घालते. सोफ एरर बहुतेक वेळा सुरुवातीला येतं आणि एकाच विधानाला चिकटतं.

आणखी एक. ज्याची खातरजमा करता येते तिथेच ते शोभतं. तारीख, रक्कम, कोण हजर होतं, कोणता नियम. ‘सोफ एरर द मा पार, हा सिनेमा कंटाळवाणा आहे’ म्हणालात तर लोक हसतील. मताला चूक कसली? तिथे इल म साँब्ल.

केळफूल

लाज वाटतेय, पण कळलं. मग इल म साँब्ल म्हणजे साधं ‘मला वाटतं’ ना? एक अडतंय. वर्गात शिकवलं होतं की ‘इल साँब्ल क’नंतर क्रियापदाचं सब्जाँक्तिफ, म्हणजे शंका-इच्छा दाखवणारं रूप येतं. मी ‘इल म साँब्ल क’नंतरही तेच लावते, तर सहकारी दुरुस्त करतो.

लिंबलोण

सहकारी बरोबर आहे. ‘म’ने फरक पडतो. ‘इल साँब्ल क’ म्हणजे ‘असं दिसतं की’. कोणाला दिसतं, ते सांगितलेलं नाही, बोलणारा अंतर राखून उभा आहे, म्हणून बहुधा सब्जाँक्तिफ, ‘क स स्वा’. ‘म’ आला की ‘मला दिसतं’, जबाबदारी घेतली, म्हणून साधं रूप, ‘क से’. पण नकार आला की पुन्हा सब्जाँक्तिफ : ‘इल न म साँब्ल पा क स स्वा’.

आणि हा नकार कामाचा आहे. ‘तुमचा मेल मला मिळाला नाही’ असं तोंडावर न फेकता फ्रेंच माणूस ‘तो मिळाल्याचं मला वाटत नाही’ म्हणतो. नकार मेलवरून उचलून स्वतःच्या वाटण्यावर ठेवतो. मराठीला हे शिकवावं लागत नाही. ‘तो येणार नाही असं वाटतं’ यापेक्षा ‘तो येईल असं वाटत नाही’ हेच आपल्या तोंडी आधी येतं, आणि ते मऊही लागतं.

शंकासूर

आ प्रिओरीबद्दल माघार. पण मग ‘साँ दूत’ तरी पक्कं असेल? ‘साँ’ म्हणजे विना, ‘दूत’ म्हणजे शंका. निःशंक!

लिंबलोण

आज तुमचे ग्रह बरे नाहीत. साँ दूत म्हणजे ‘बहुधा’. निःशंक म्हणायचं तर मध्ये ‘ओक्यँ’ घालावं लागतं, ‘साँ ओक्यँ दूत’, कसलीही शंका नाही. नुसत्या ‘निःशंक’मधली खात्री वापरून वापरून झिजली. आपलं ‘नक्की’ही त्याच वाटेवर आहे. ‘नक्की येतो’ म्हणणाऱ्यासाठी तुम्ही किती वेळा ताट वाढून ठेवलंत, ते आठवा.

केळफूल

मग त्या दिवशी मी काय लिहायला हवं होतं? हा मसुदा बघा, मराठीतून लिहिते : ‘तपासून पाहिलं. सोफ एरर द मा पार, १२ एप्रिलला बँकेतून रक्कम रवाना झाली आहे. पावती जोडली आहे. तुमच्या बाजूने एकदा पाहाल का?’

आडवाट

उत्तम. पण पावती जोडलीय तर सोफ एरर काढून टाकलंत तरी चालेल. पुरावा हातात असताना ‘माझी चूक नसेल तर’ म्हणणं मला जरा नाटकी वाटतं. पॅरिसच्या ऑफिसात तर ते टोचतं. मीटिंगमध्ये कोणी हळूच ‘सोफ एरर द मा पार, हे काम तुमच्याकडे होतं’ म्हणालं की सगळे खाली बघतात.

लिंबलोण

मी ठेवीन. पत्रात आणि तोंडी बोलण्यात फरक आहे. पत्रात ते पावतीवरच्या शिक्क्यासारखं, कोणी वाचत नाही, पण नसलं तर डोळ्याला खुपतं.

आडवाट

तीस वर्षांपूर्वी असेल बाई. आताच्या मेलमध्ये लोक वाचतात आणि चिडतातही.

जुनीवही

वडील असते तर म्हणाले असते, पावती जोडलीय तरी लिहा. दहा रुपये सोडायचे नाहीत, हे वेगळं.

केळफूल

ठेवलंय. मेल गेला. साहेब अजून सीसीत आहेत. उत्तर आज येईल, आ प्रिओरी.