मोलेमची ४०० केव्ही लाईन जमिनीखालून का नको? केबलच्या लांबीवरून वाद

रानवाट_कुळे
टॉवरसाठी झाडं कापायची नसतील तर घाटातला तुकडा केबलने जमिनीखालून न्या, असं आम्ही बरेच दिवस म्हणतोय. परवा गावच्या बैठकीत एकजण म्हणाला की एसी केबल एवढी लांब चालतच नाही, केबल स्वतः कपॅसिटरसारखी भरायला जो करंट घेते तो चार्जिंग करंट सगळी क्षमता खाऊन टाकतो. समजा तुकडा ३० किमीचा आहे, तर हे खरंय की पळवाट आहे?

साष्टीकर
खरंय. ४०० केव्ही केबल किमीमागे साधारण साडेचौदा अँपिअर नुसता चार्जिंग करंट घेते, म्हणजे ३० किमीला ४३५. केबल जास्त न तापता १००० अँपिअर नेते असं धरलं तर तुमच्या हातात उरले ५६५, अर्ध्यापेक्षा जरा जास्त. एवढे पैसे घालून अर्धी केबल रिकामी वाहून न्यायची का? ओव्हरहेडला हा त्रास जवळजवळ नाहीच. मी रानाच्या विरोधात नाही पण आकडे आकडे असतात.

सबस्टेशनवाला
साष्टीकर, साडेचौदा बरोबर आहे, वजाबाकी चुकली. चार्जिंग करंट लोडच्या करंटला काटकोनात असतो, सरळ वजा होत नाही. १००० चा वर्ग वजा ४३५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ काढा, उत्तर ९०० येतं. म्हणजे सगळा चार्जिंग करंट एकाच टोकाने दिला तरी ३० किमीला दहा टक्केच क्षमता जाते, आणि दोन्ही टोकांनी अर्धा अर्धा दिला तर ९७० च्या वर उरतं. याच हिशोबाने एका बाजूने दिलेली केबल सत्तर किमीच्या आसपास नुसत्या चार्जिंगनेच भरते, पण तिथेसुद्धा दोन्हीकडून दिलं तर ८६० उरतात. तेव्हा 'केबल तापेल म्हणून ३० किमी जमत नाही' हे कारण टिकत नाही.

साष्टीकर
काटकोनाचं मान्य. पण मग जगभर ४०० केव्हीच्या केबल छोट्याच का दिसतात? लंडनमध्ये २००५ ला बोगद्यातून टाकली ती २० किमी, टोकियोची ५०० केव्हीची ४० किमी. कुठेतरी भिंत आहेच ना.

वेर्णा_युनिट
आमच्याकडे हाच प्रॉब्लेम आहे सर. ११ केव्हीची ६०० मीटर केबल आहे, रात्री युनिट बंद झालं की मीटरवर पीएफ लीडिंग दाखवतो, पार ०.६ पर्यंत. इलेक्ट्रिशियन म्हणतो केबल चार्जिंग करंट घेते. केबल बदलू का?

सबस्टेशनवाला
वेर्णाबाब, केबलला हात लावू नका. ११ केव्हीवर ६०० मीटर केबल आठेक केव्हीएआर देते, तेवढ्याने पीएफ ०.६ होत नाही. पॅनलमध्ये फिक्स कपॅसिटर बँक असेल आणि लोड गेल्यावर ती सुटत नसेल, आधी तिचा कॉन्टॅक्टर बघा. एका रात्री बँक हाताने बंद करून मीटर वाचा, लगेच कळेल.

आणि गावागावांत भूमिगत केबल टाकतात त्याबद्दल कोणाला शंका असेल तर ३३ केव्हीला किमीमागे दीड अँपिअर लागतो, तिथे लांबीचा प्रश्न येतच नाही. चार्जिंग करंटमुळे केबल जी रिअॅक्टिव्ह पॉवर देते, जी एमव्हीएआरमध्ये मोजतात, ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणून ४०० वर ती किमीमागे १० एमव्हीएआर होते. त्याच व्होल्टेजच्या ओव्हरहेड लाईनला अर्धा पाऊण.

वेर्णा_युनिट
१०० केव्हीएआरची फिक्स बँक आहे खरी. उद्या बघतो.

रानवाट_कुळे
मग दादा, तापत नाही तर अडचण कुठे आहे?

सबस्टेशनवाला
व्होल्टेजमध्ये, आणि तेही लोड नसताना. ३० किमी म्हणजे ३०० एमव्हीएआर. लोक समजतात की केबलच्या लांबच्या टोकाला व्होल्टेज चढतं, पण ३० किमीत तो चढ अर्ध्या टक्क्याच्याही आत आहे. खरा चढ मागच्या बसवर, म्हणजे केबल सबस्टेशनच्या ज्या मुख्य पट्टीला जोडली तिच्यावर होतो. ज्या बसवरून केबल चार्ज करणार तिची फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं तर ग्रिड तिथे किती ताकद लावतं तो आकडा, समजा ५,००० एमव्हीए असेल तर ३०० भागिले ५,००० म्हणजे ६ टक्के, ४०० चे थेट ४२४ होतात, आणि वरची मर्यादा ४२० आहे. म्हणजे नुसता ब्रेकर लावला आणि मर्यादेबाहेर गेलात. बस मजबूत असेल, १५,००० वगैरे, तर दोनच टक्के. तीच केबल एका ठिकाणी काही बोलणार नाही आणि दुसऱ्या ठिकाणी लोड कमी असलेल्या पावसाळी रात्री त्रास देईल. त्यामुळे साष्टीकर म्हणतात ती भिंत किमीवर ठरत नाही, ग्रिड तिथे किती दणकट आहे त्यावर ठरते. आणि डबल सर्किट असेल तर ३०० चे ६०० धरा.

दर्या_फोंडा
मग केबलचे एमव्हीएआर शोषणाऱ्या कॉइल, म्हणजे रिअॅक्टर लावा! एवढं काय त्यात? सिसिली ते माल्टा एसी केबल १०० किमीच्या वर आहे, २०१५ पासून चालू, दोन्ही टोकांना रिअॅक्टर. नॉर्वेत मार्टिन लिंगे फलाटाला किनाऱ्यावरून १६२ किमी एसी केबल जाते. समुद्राखालून जमतं आणि आमच्या घाटात जमत नाही? इच्छा नाही एवढंच.

सबस्टेशनवाला
दर्याताई, दोन्ही उदाहरणं खरी आहेत पण व्होल्टेज बघा. माल्टाची २२० केव्ही आहे आणि २०० मेगावॅटची, मार्टिन लिंगेची १४५ आणि लोड पन्नासेक मेगावॅट. २२० ला किमीमागे तीनेक एमव्हीएआर पडतात, ४०० ला दहा.

तरी रिअॅक्टर लावता येतात, हे तुमचं बरोबर. १२५ एमव्हीएआरचे दोन लावले की ५० उरतात, त्या ५,००० च्या बसवर चढ एक टक्का. फक्त यात एक खोच आहे. कॉम्पेन्सेशन, म्हणजे केबलच्या एमव्हीएआरपैकी रिअॅक्टर खातात तो वाटा, निम्म्याच्या वर गेलं, आणि इथे ते ८३ टक्के झालंय, आणि रिअॅक्टर केबलबरोबरच चार्ज केले तर व्होल्टेज शून्यावर असताना ब्रेकर लागल्यास रिअॅक्टरच्या करंटमध्ये डीसीचा भाग येतो. रिअॅक्टर आणि केबलचा एसी करंट एकमेकांना बराचसा खातात, डीसी मात्र तसाच राहतो. मग ब्रेकरमधला करंट कित्येक सायकल शून्यातून जातच नाही. ब्रेकर तर करंट शून्यावर आला की तोडतो. त्याच वेळी एका फेजला फॉल्ट झाला तर बाकीच्या दोन फेजचे पोल उघडतील पण आर्क विझणार नाही, ब्रेकर फुटू शकतो. फॉल्ट रेकॉर्डरवर बघितलं तर लाट सगळी रेषेच्या एकाच बाजूला दिसते.

यावर उपाय आहेत. व्होल्टेज शिखरावर असताना ब्रेकर लावायचा, पण मग केबलवर चार्जिंगचा झटका जास्त बसतो. किंवा एक रिअॅक्टर आधी बाहेर ठेवून नंतर लावायचा, पण तोवर बसचं व्होल्टेज वर राहतं.

साष्टीकर
म्हणजे शेवटी जमतं पण महाग आणि नाजूक. माझा मुद्दा तोच होता.

दर्या_फोंडा
नाही, तुमचा मुद्दा 'जमत नाही' हा होता. आणि एसी नको तर डीसी घ्या, त्याला चार्जिंग करंटचा प्रश्नच नाही. पुगलूर–त्रिशूर लाईनमध्ये केरळात जागा मिळेना म्हणून शेवटचा २७-२८ किमी तुकडा केबलनेच नेलाय.

सबस्टेशनवाला
ती सगळी लाईनच डीसी आहे ताई, २,००० मेगावॅटची, दोन्ही टोकांचे कन्व्हर्टर तिला असेही लागणारच होते. मधल्या ३० किमीसाठी दोन कन्व्हर्टर स्टेशन बांधणं हे रिअॅक्टरपेक्षा कितीतरी महाग. पूर्ण लाईनच डीसी करायची असती तर बोलणं वेगळं.

रानवाट_कुळे
आणि झाडांचं काय? चर खणायला रान कापावं लागणार नाही का?

सबस्टेशनवाला
लागेल. पट्टा टॉवरपेक्षा अरुंद, पण त्यावर खोल मुळांची झाडं कायमची बंद, आणि केबल ड्रममधून साधारण किमीभराच्या तुकड्यांत येते, तेवढ्या अंतरावर जॉइंटचे खड्डे आणि तिथवर ट्रक जाईल असा रस्ता. अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या कडेने नेली तर हे बरंच वाचतं, पण लांबी वाढते, आणि दर किमीला १० एमव्हीएआर.

दर्या_फोंडा
रस्त्याच्या कडेनेच न्या मग. ३० चे ४० झाले तर तुमच्याच हिशोबाने ९०० च्या जागी ८०० च्या वर अँपिअर उरतात.

साष्टीकर
आणि ४०० एमव्हीएआर, म्हणजे आणखी एक रिअॅक्टर, जमीन कोणाची?

रानवाट_कुळे
दादा, दोन्ही बाजूंच्या सबस्टेशनच्या बसची फॉल्ट लेव्हल मागवायची असेल तर अर्जात नेमकं काय लिहू?

सबस्टेशनवाला
'किमान निर्मितीच्या स्थितीतली थ्री फेज फॉल्ट लेव्हल, एमव्हीएमध्ये' असं लिही. कमाल मागितलीस तर मोठा आकडा देतील आणि व्होल्टेजचा चढ कमी दिसेल. आकडा आला की इथे टाक, ३० आणि ४० दोन्ही लांबींना भागून बघू.