मदत हवी आहे: फेटा घातलेल्या चेहऱ्यावर फेस स्वॅप, कपाळाची आणि कानाची कड जुळत नाही

सायली_कॉम्प

नमस्कार मंडळी. अंधेरीतल्या एका छोट्या स्टुडिओत कॉम्पोझिटिंग करते. सध्या एका मराठी शॉर्टफिल्मचं काम हातात आहे. त्यात गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेचा प्रसंग आहे. नायिका नऊवारी नेसून, केशरी फेटा बांधून बुलेटवरून जाते. अभिनेत्रीला बुलेट येत नाही, म्हणून गाडीवर डबल आहे आणि तिच्या चेहऱ्यावर अभिनेत्रीचा चेहरा बसवायचा आहे. दोघींची लेखी परवानगी निर्मात्याकडे आहे.

डीपफेसलॅबमध्ये `WF` वर ट्रेनिंग केलंय. डोळे, नाक, ओठ मस्त आलेत. पण कडा सुधारत नाहीयेत:

१. फेट्याच्या खालच्या काठाशी कपाळ थरथरतं. काही फ्रेममध्ये कपाळ फेट्यावर चढतं, काहींत खाली सरकतं.

२. कपाळाच्या वरच्या भागावर केशरी झाक येते, जणू कुणी हळद-कुंकू एकत्र करून पुसलंय.

३. कान डबलचेच आहेत, पण गाल आणि कान दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. फेट्यातून सुटलेल्या कानापुढच्या बटा तर पार चिखल होतात.

मर्ज `seamless` मोडवर केलंय, मास्क `learned-prd`. अभिनेत्रीचं सोर्स फूटेज स्टुडिओत घेतलंय, केस मागे बांधलेले, फेटा नाही. कुठून सुरुवात करू?

पिक्सेलपंत

मास्कचा ब्लर वाढव, थरथर दिसणार नाही. आणि `WF` कशाला? `HEAD` घे. केस, कान, कपाळ सगळं एकदम बदलेल, कडेचा प्रश्नच मिटेल.

जुना_रोटोवाला

पंत, `HEAD` मध्ये कान आणि केस येतात हे बरोबर. टक्कल किंवा वेगळी केशरचना दाखवायची असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. पण इथे सोर्समध्ये फेटाच नाही. मॉडेल अभिनेत्रीचे मागे बांधलेले केस शिकेल आणि ते डबलच्या फेट्यावर आणून बसवेल. मग फेटा पुन्हा रोटो करून वर ठेवावा लागेल, म्हणजे काम दुप्पट. ब्लरनेही थरथर जात नाही, ती फक्त मऊ होते. चालत्या शॉटमध्ये मऊ थरथर जास्त खुपते.

सायली, आधी कारण बघ. हा प्रोग्रॅम चेहऱ्यावर ६८ खुणा शोधतो. जबड्याच्या कडेने कानापासून कानापर्यंत, मग भुवया, डोळे, नाक, ओठ. भुवयांच्या वर एकही खूण नाही. कपाळ कुठे संपतं हे त्याला दिसत नाही, तो खालच्या मापावरून अंदाज बांधतो. उघड्या डोक्यावर अंदाज चुकला तरी केसांत खपून जातो. फेट्याचा काठ म्हणजे सरळ, ठळक, रंगीत रेघ. तिथे दोन पिक्सेलची चूकही ओरडते. त्यातून तू `learned-prd` लावलंयस, म्हणजे मास्क अभिनेत्रीच्या बनवलेल्या चेहऱ्यावरून येतोय. तिच्या डोक्यावर फेटा नव्हता, त्यामुळे त्या मास्कला फेट्याचा पत्ताच नाही.

मास्क डबलच्या फूटेजवरून यायला हवा. `XSeg` मध्ये डबलच्या चाळीस-पन्नास फ्रेम हाताने आखून घे. एकसारख्या फ्रेम नकोत. मान वळलेली, ऊन समोरून, ऊन मागून, फेट्याचा शेमला वाऱ्याने गालावर आलेला, अशा वेगवेगळ्या निवड. कापड, बटा, शेमला मास्कच्या बाहेर. मग ट्रेन करून

```
5.XSeg) data_dst trained mask - apply.bat
```

चालव आणि मर्ज करताना मास्क `XSeg-dst` घे.

डोंबिवलीकर७

माझाही असाच प्रश्न आहे. मुलाच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत आमच्या व्याह्यांचे डोळे मिटलेत, डोक्यावर फेटा आहे. दुसऱ्या फोटोतला त्यांचाच चेहरा लावायचाय, पण तिथे फेटा थोडा तिरका आहे. हे सॉफ्टवेअर मोबाइलवर चालेल का?

जुना_रोटोवाला

काका, तुम्हाला यातलं काहीच लागणार नाही. माणूस तोच, फोटो त्याच दिवसाचा. फोटोशॉपमध्ये दुसऱ्या फोटोतले फक्त डोळे आणि भुवया उचला. भुवईच्या वर बोटभर जागा सोडून मास्क मऊ करा. फेट्याला हात लावू नका, म्हणजे तो तिरका असला तरी फरक पडत नाही.

सायली_कॉम्प

`XSeg-dst` लावलं. कपाळ फेट्यावर चढणं थांबलं. पण केशरी झाक तशीच आहे, उलट काठाला लागून थोडी वाढलीय.

जुना_रोटोवाला

वाढणारच. `seamless` मध्ये मास्कच्या हद्दीवरचा रंग मूळ फ्रेमवरून घेतला जातो आणि तो आत पसरवला जातो. आता तुझी हद्द बरोब्बर फेट्याच्या काठाला टेकलीय. हद्दीवर केशरी आहे, म्हणून आतही केशरी उतरतंय. खात्री करायची तर एकच फ्रेम घे आणि मोड `overlay` कर. झाक गेली तर कारण हेच. तरीही उरली, तर `XSeg` मध्ये कुठेतरी कापडाची पट्टी आत राहिलीय आणि रंग जुळवताना `rct` तिचाही हिशोब धरतंय.

आणि खरा मुद्दा हा की जोड फेट्याच्या काठावर ठेवायचाच नाही. तो खाली, नुसत्या त्वचेवर आण. `erode` वाढवून मास्क आत घे, इतका की फेट्याखाली डबलच्या स्वतःच्या कपाळाची बारीक पट्टी उरेल. ती तिचीच राहू दे. फेट्याची कपाळावर पडलेली सावली, कापडाचा दाब, तिथला घाम, हे सगळं त्या पट्टीत आहे आणि ते खरं आहे. त्वचेचा त्वचेशी जोड मऊ ब्लरमध्ये लपतो. त्वचेचा कापडाशी जोड ब्लरने लपत नाही, कापडच धूसर दिसायला लागतं.

नझनीन_एडिट

मध्येच विचारते. आमच्या डॉक्युमेंटरीत काही बायकांनी ओळख लपवायची अट घातलीय. त्यांच्या डोक्यावर ओढणी आहे, अगदी भुवईपर्यंत, कान झाकलेले. स्वयंसेविकांचे चेहरे त्यांच्या संमतीने वापरतोय. कानाचा त्रास नाही, पण तुम्ही म्हणता तशी कपाळाची पट्टी उरतच नाही. गालावरही कापड आहे. मग जोड ठेवायचा कुठे?

जुना_रोटोवाला

तिथे ही युक्ती चालत नाही, बरोबर. जिथे पट्टी उरत नाही तिथे चेहरा कापडाच्या आतपर्यंत थोडा जास्त जाऊ द्यायचा आणि मूळ फ्रेममधली ओढणी वेगळी रोटो करून वर ठेवायची. रोटोची कड सगळीकडे सारखी मऊ करू नका. ओढणी स्थिर असेल तिथे कड जवळजवळ कडक, हलते तिथे मूळ मोशन ब्लरइतकीच मऊ. झिरझिरीत कापड असेल तर त्याखालून मूळ चेहरा दिसत राहतो, आणि तुमच्या कामात ते धोक्याचं आहे. असे शॉट स्वॅपवर सोडू नका, गडद करा किंवा काढून टाका.

सायली_कॉम्प

`overlay` वर झाक गेली! `erode` वाढवून पट्टीही सोडली. थरथर जवळपास संपली. पण ठाकुरद्वारच्या शॉटमध्ये ऊन वरून आहे. तिची पट्टी सावलीत, आणि लगेच खाली नवीन कपाळ उजळ. मध्ये आडवी पायरी दिसते. शिवाय तिच्या कपाळावर चंद्रकोर आहे, ती गायबच झालीय.

जुना_रोटोवाला

सोर्समध्ये फेटा नव्हता ना, म्हणून मॉडेलने फेट्याची सावली कधी पाहिलीच नाही. खरा उपाय म्हणजे अभिनेत्रीला अर्ध्या तासासाठी बोलवा. तोच फेटा, तीच चंद्रकोर, तशीच नथ, उन्हात उभ्या बुलेटवर बसवून मान सगळीकडे फिरवायला लावा. तिच्याही फ्रेममध्ये फेटा `XSeg` ने बाहेर ठेवा, पण सावली आणि चंद्रकोर आत असू द्या.

ते जमणार नसेल तर कॉम्पमध्ये कर. मर्जमधून `result_mask.mp4` निघतो, तो आणि मूळ प्लेट दोन्ही घे. मूळ कपाळ खूप ब्लर कर, इतकं की फक्त उजेड-सावली उरेल. नवीन चेहराही तितकाच ब्लर कर. पहिल्याला दुसऱ्याने भाग आणि येईल त्याने नवीन कपाळ गुण. फक्त भुवयांच्या वर, खाली येता येता शून्य. ब्लर करण्याआधी मूळ प्लेटमधली चंद्रकोर पेंट करून काढ, नाहीतर तिचा डाग येईल. आणि फेट्याचं केशरी ब्लरमध्ये मिसळू नये म्हणून आधी कपाळाचा भाग कापून घे. शेवटी चंद्रकोर मूळ प्लेटवरून उचलून, ट्रॅक करून वर ठेव.

पिक्सेलपंत

भागाकाराची युक्ती माहीत नव्हती, करून बघतो. पण कानाचं राहिलंच. मी तर कान ग्रेड करून चेहऱ्याशी जुळवतो.

जुना_रोटोवाला

उलटं करा पंत. कान, मान, हँडलवरचे हात सगळे डबलचे आहेत. एक चेहरा त्यांच्याकडे न्यायचा की त्या सगळ्यांना चेहऱ्याकडे? चेहराच हलवा. रंग जुळवताना कानाच्या पाळीचा रंग मात्र घेऊ नका. मागून ऊन आलं की पाळी लाल दिसते, ते रक्त झळकतं. पाळीच्या पुढचा गाल आणि मानेचा उजेडातला भाग घ्या.

बटांचं सायलीसाठी: मास्कची बाजूची कड कानाला टेकवू नकोस, बटांच्या पुढे, गालाच्या सपाट त्वचेवर आण. बटा आणि झुमका डबलचेच राहू देत. अभिनेत्रीचा कान कसा आहे हे प्रेक्षक ताडून बघत नाहीत. बट विस्कटलेली मात्र लगेच दिसते.

सायली_कॉम्प

बाजूची कड आत घेतली, बटा वाचल्या. गाल आणि मान आता एकाच बाईचे वाटतात. फेटा घालून परत सोर्स शूट करायला निर्माते तयार आहेत, तारीख ठरतेय.

एक शॉट मात्र अडलाय. डबल मागे वळून बघते, जवळजवळ पूर्ण बाजू दिसते, कान समोर आणि शेमला उडतोय. तिथे मास्क दर फ्रेमला वेगळा येतो.

जुना_रोटोवाला

त्या कोनात पलीकडच्या जबड्याच्या खुणा दिसतच नाहीत, त्यांचाही अंदाजच चाललाय. मी तो शॉट स्वॅपशिवाय ठेवीन. एका बाजूने, फेट्यात, हलत्या गाडीवर डबल खपून जाते.

नझनीन_एडिट

मला नाही पटत. मागे वळून बघणं हाच त्या प्रसंगातला तिचा क्षण असेल, तर प्रेक्षक नेमके तिथेच चेहरा शोधतात. वळायला सुरुवात होते तिथे कापा आणि पुढचं त्या नवीन शूटमध्ये, उभ्या बुलेटवर, अभिनेत्रीकडूनच करून घ्या.

सायली_कॉम्प

दिग्दर्शकाला दोन्ही दाखवते. रोटोवाला, नवीन शूटमध्ये नथ तशीच ठेवू म्हणालात, पण डबलची नथ वाऱ्याने हलते आणि स्वॅपमध्ये ती ओठावर चिकटल्यासारखी स्थिर होते. नथही `XSeg` मध्ये बाहेर काढू?

जुना_रोटोवाला

काढून बघ, पण नथीच्या आतल्या मोकळ्या जागेतून डबलचा ओठ दिसेल. मला वाटतं अभिनेत्री नथीशिवाय शूट करा आणि डबलची नथ रोटो करून वर ठेवा. बारीक मोत्यांवर रोटो किती टिकेल ते तुमच्या क्लोजअपवर आहे. एखादी फ्रेम टाक इथे, बघून सांगतो.